आखाजीची तारीख कशी ठरवायची?

*मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आजीने आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, श्रावणातल्या कानबाईची, लग्नाची गाणी मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली आहेत. एकूण 26 रेकॉर्डिंग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचं. ती उतरवून पुस्तक करायचं आहे. मागच्या दिवाळीत ठरवलं, एका रविवारी एक, म्हणजे आखाजीला पुस्तक हातात. नाही झालं. मग कानबाईपर्यंत म्हटलं, मग दिवाळीपर्यंत. आता दिवाळीही गेली. 11 झालीत, 15 राहिलीत. येत्या आखाजीपर्यंत 24 रविवार आहेत, त्यामुळे या वेळी नक्की होईल असं वाटतंय. पण असं तर दर वेळी वाटलं होतं. आजी 86 वर्षांची आहे, रोज विचारते, ‘पुस्तकनं काय झायं?’ मी आळशी आहे का? स्वतःला दिलेली तारीख पाळायची असेल तर ती ठरवायची कशी? कोणतं रेकॉर्डिंग कधी पूर्ण झालं त्याची यादी कॉम्प्युटरमधल्या फायलींच्या तारखा बघून केली आहे, ती सोबत पाठवते. झालेल्या 11 पैकी 6 आखाजीच्या गाण्यांची आहेत.*

ताई, यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या यादीतच आहे.

आधी आळसाचं मिटवून टाकू. चार-पाच बायांनी मिळून म्हटलेलं अहिराणी गाणं कागदावर उतरवणं हे एकट्या माणसाचं बोलणं उतरवण्यापेक्षा बरंच जड काम आहे. एक बाई ओळ उचलते, दुसरी मध्येच शिरते, शेवटचा शब्द टाळ्यांत बुडतो. असं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग पूर्ण करायला दहा तासांच्या आसपास लागतात असा माझा हिशेब आहे, तो पुढे मांडतेच. म्हणजे 11 रेकॉर्डिंगमागे तुम्ही वर्षभरात शंभरावर तास बसला आहात. तेही शाळा, घर, लगीनसराई आणि शाळेबाहेरच्या ड्यूट्या सांभाळून. काम तुम्ही केलंत. चुकला तो अंदाज. तिन्ही वेळा चुकला आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला, म्हणजे कमी वेळाच्या बाजूला. माणूस नुसता गोंधळलेला असता तर कधी लवकर, कधी उशिरा असं झालं असतं. चूक सतत एकाच बाजूला होते तेव्हा तिच्यामागे ठरावीक कारण असतं.

हे कारण डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं आणि त्याला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपण त्याला नियोजनाचा भ्रम म्हणू. हातातल्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस त्या कामाचीच गोष्ट मनात रचतो: रविवारी सकाळी चहा घेऊन बसेन, हेडफोन लावेन, दुपारपर्यंत लिहून होईल, संध्याकाळी टाइप करेन. त्या गोष्टीत पाहुणे येत नाहीत, वीज जात नाही, एका शब्दासाठी अर्धा तास खर्ची पडत नाही. पूर्वीची तसलीच कामं प्रत्यक्षात किती दिवस चालली, याची माहिती त्याच माणसाकडे असते, पण अंदाज करताना तिकडे त्याचं लक्षच जात नाही.

हा भ्रम किती पक्का असतो ते कॅनडातल्या एका अभ्यासातून कळतं. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी तो 1994 मध्ये प्रसिद्ध केला. मानसशास्त्राच्या 37 विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं की तुमचा प्रबंध कधी पूर्ण होईल. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता. सगळं सुरळीत गेलं तर 27 दिवस आणि होता होईल तेवढं वाईट झालं तर 49 दिवस, असंही त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. स्वतः दिलेल्या मुदतीत प्रबंध पुरा करणारे तिसरा हिस्साही नव्हते. मला यातला 49 चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘अगदी वाईटात वाईट झालं तर’ असं मुद्दाम विचारूनही त्यांचं उत्तर खऱ्यापेक्षा कमीच आलं. तेव्हा ‘या वेळी मी अडचणी धरूनच तारीख काढली आहे’ असं मनाने सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. मन अडचणीही आपल्या सोयीच्या मापाने मोजतं.

याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली. काही लोकांना अंदाज करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. बहुतेक जण पुढच्या बेताबद्दल बोलले, मागच्या अनुभवाबद्दल फारच थोडे. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना आधी मागचा अनुभव आठवायला लावला. नुसतं आठवून फरक पडला नाही. ‘मागचा अनुभव धरून हे काम कसं घडेल ते सांगा’ असं म्हटल्यावर मात्र अंदाज ताळ्यावर आले. तुमच्या पत्रात नेमकं हेच दिसतं. ‘असं तर दर वेळी वाटलं होतं’ हे तुम्हाला आठवतंय, आणि त्याच्याच आधीच्या वाक्यात 24 रविवारांचा हिशेब आहे. मागचा अनुभव तुम्हाला माहीत आहे, पण तो अजून तारखेच्या हिशेबात उतरलेला नाही.

काहनेमानच्या आयुष्यातला प्रसंग इथे सांगायलाच हवा. 1970 च्या दशकात इस्रायलमध्ये ते काही जणांबरोबर शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते. एकदा त्यांनी सगळ्यांना आपापला अंदाज कागदावर लिहायला लावला, की पुस्तक पुरं व्हायला किती काळ लागेल. सगळ्यांची उत्तरं दीड ते अडीच वर्षांच्या आसपास आली. मग अभ्यासक्रमाच्या कामात मुरलेल्या एका सहकाऱ्याला, सेमूर फॉक्स यांना, त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: अशाच दुसऱ्या गटांना किती वेळ लागला? फॉक्स जरा थांबले आणि म्हणाले की साधारण 40 टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. पुस्तक शेवटी आठ वर्षांनी पुरं झालं. फॉक्स यांच्याकडे ही माहिती आधीपासून होती, तरी कागदावर अंदाज लिहिताना त्यांनीही बाकीच्यांसारखंच कमी लिहिलं होतं. एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही उत्तरं होती आणि कुठलं बाहेर येणार ते प्रश्नावर ठरलं.

रावेर-यावलकडचा केळीवाला लागवडीच्या दिवशीच सांगतो की घड कधी कापणीला येतील, आणि ते मागच्या बागांवरून सांगतो. नव्या खोडांचा जोम बघून तो तारीख काढत नाही. आता तुमची यादी तशीच वाचू.

दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत 4 रेकॉर्डिंग पूर्ण. फेब्रुवारी ते आखाजी 1. आखाजीनंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत 4. शाळा उघडल्यापासून या दिवाळीपर्यंत 2. एकूण 52 आठवड्यांत 11, म्हणजे एका रेकॉर्डिंगला सरासरी पावणेपाच आठवडे. तुमचा बेत दर वेळी एका आठवड्याचा होता.

उरलेल्या 15 ना पावणेपाचने गुणलं तर 71 आठवडे होतात. सव्वासोळा महिने. ही येती आखाजी नाही. पुढची दिवाळी ओलांडून त्याच्याही पुढचा मार्च येतो. दुसऱ्या रीतीने बघू, हंगामाप्रमाणे. मागच्या वर्षी दिवाळी ते आखाजी 5 झाली, तर या वेळी आखाजीला 16 होतील. सुट्टीत 4 धरली की 20. दिवाळीपर्यंत 22. उरलेली 4 त्याच्या पुढच्या जानेवारीत. दोन्ही रीतींनी उत्तर जानेवारी ते मार्च यांच्यात पडतं, म्हणून मी ते खरं मानते. शिवाय हे फक्त उतरवणं झालं, पुस्तक नव्हे.

हे वाचून तुम्ही म्हणाल की मागचं वर्ष वेगळं होतं. नात्यात लग्नं होती, शाळेच्या तपासणीचं काम लागलं, मध्ये ताप आला. ही कारणं खरीच असणार. पण यातलं प्रत्येक कारण वेगळं काढून ‘हे काही पुन्हा होणार नाही’ असं म्हणणं हीच या भ्रमाची मोठी वाट आहे. तोच ताप पुन्हा येणार नाही, तेच लग्न पुन्हा लागणार नाही. दुसरं काही तरी मात्र येणार. कानबाईच्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरतं आणि रोट होतात तेव्हा फाइल उघडली जात नाही, हे दर श्रावणात ठरलेलं आहे. पुढची अडचण कोणती असेल हे आधी सांगता येत नाही. पण सगळ्या अडचणी मिळून वर्षातले किती रविवार खातात, ते तुमच्या यादीत लिहिलेलं आहे. म्हणून अडचणींची नावं आठवत बसू नका, आकडा घ्या. मागचं वर्ष खरोखर वेगळं होतं असं ठामपणे म्हणायला एखादी मोठी, टिकणारी गोष्ट बदललेली हवी: बदली झाली, लहान मूल शाळेत जाऊ लागलं, रोजचा प्रवास वाचला. तसं काही नसेल तर मागचं वर्षच धरा.

आता दहा तासांचा हिशेब. ‘एक रेकॉर्डिंग, एक रविवार’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच काम होतं, ऐकून लिहिणं. त्याचे तुकडे पाडले की बाकीची कामं दिसायला लागतात. पहिल्यांदा थांबवत थांबवत ऐकून लिहायचं, साडेतीन तास. दुसऱ्यांदा ऐकून सुटलेलं भरायचं, दीड तास. अडलेल्या शब्दांसाठी आजीकडे आणि त्या बायांकडे जायचं, दीड तास, आणि हा दीड तास तुमच्या वेळेने मिळत नाही, त्या घरी असतील तेव्हा मिळतो. टाइप करायचं, अडीच तास. टाइप झालेलं पुन्हा रेकॉर्डिंगशी ताडून बघायचं, एक तास. झाले दहा. जस्टिन क्रुगर आणि मॅट एव्हन्स यांनी 2004 मध्ये हेच दाखवलं, की कामाचे तुकडे यादी करून मांडले की लोकांचा अंदाज वाढतो आणि खऱ्याच्या जवळ येतो. माझे तास तुम्हाला तंतोतंत लागू पडणार नाहीत. पुढचं एक रेकॉर्डिंग घड्याळ लावून करा आणि तुकड्यांपुढे तुमचे आकडे लिहा.

मात्र नुसते तुकडे पाडून भागत नाही. समजा, रविवारी तुम्हाला निवांत असे अडीच-तीन तास मिळतात. दहा तास म्हणजे चार रविवार. तुमची यादी सांगते पावणेपाच आठवडे. मधला पाऊण आठवडा म्हणजे जे रविवार तुमच्या हाती आलेच नाहीत, ते. तुकडे पाडल्याने कामातली लपलेली कामं बाहेर येतात. हाती न येणारे दिवस फक्त जुन्या तारखा दाखवतात. म्हणून दोन्ही करावं आणि दोहोंत फरक पडला तर तारखांचं मानावं.

तारखाही लिहिलेल्याच हव्यात, आठवणीतल्या नकोत. पूर्ण केलेल्या कामाला लागलेला वेळही माणसाला कमीच आठवतो, असं मायकल रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलं. पुस्तकाचा जो भाग तुम्ही अजून कधीच केलेला नाही, म्हणजे मांडणी, प्रुफं, छपाई, त्यासाठी हे विशेष लक्षात ठेवा. तिथे तुमच्या स्वतःच्या तारखा नाहीत, दुसऱ्यांच्या मागून घ्याव्या लागतील. जळगाव, धुळ्याकडे अहिराणीत छोटी-मोठी पुस्तकं काढलेली माणसं तुमच्या ओळखीत निघतीलच. त्यांना ‘किती वेळ लागतो?’ असं विचारू नका, ते ‘महिनाभर’ म्हणतील. ‘शेवटचं पान टाइप करून कुठल्या महिन्यात दिलंत आणि छापलेल्या प्रती कुठल्या महिन्यात हातात आल्या?’ असं विचारा. तीन जणांना विचारा. सगळ्यात कमी आकडा सोडून द्या आणि मधला धरा. मधला आकडा तीन-चार महिने निघाला, तर अख्खं पुस्तक येत्याच्या पुढच्या आखाजीलाही हातात येणार नाही. घाई न करता, बिनधास्त सांगता येईल अशी तारीख मग त्यानंतरची दिवाळी.

तुम्हाला ही तारीख ऐकवताना मला बरं वाटत नाही. पण ती आज कळली तर तुमच्या हातात निवड आहे. आखाजीच्या आठ दिवस आधी कळली असती तर पुन्हा फक्त नवा सण शोधावा लागला असता. आजींचं वय धरता अख्ख्या पुस्तकाची वाट बघत बसणं मला पटत नाही. तारीख हलवायची नसेल तर काम छोटं करावं लागतं, तिसरा रस्ता नाही. ‘या वेळी जास्त जोर लावेन’ हा तो तिसरा रस्ता वाटतो खरा, पण तुमच्या आधीच्या तिन्ही तारखा त्याच भरवशावर उभ्या होत्या.

माझं म्हणणं असं की येत्या आखाजीला फक्त आखाजीच्या गाण्यांची पुस्तिका करा. ती 6 रेकॉर्डिंग उतरवून तयार आहेत. त्यांचे उरलेले तुकडे मांडू. सहाही एकदा शेवटची ताडून बघणं, 6 तास. दोन-तीन रेकॉर्डिंगांत पुन्हा आलेली गाणी एकत्र करून क्रम लावणं, 4 तास. अहिराणी शब्दांचे अर्थ, 6 तास. गाणाऱ्या बायांची नावं, त्यांची परवानगी आणि दोन पानांची प्रस्तावना, 4 तास. मांडणी आणि दोन प्रुफं, 5 तास. एकूण 25 तास. आता तुमच्याकडे किती तास आहेत ते यादीतून काढू. मागच्या वर्षी दिवाळी ते आखाजी 5 रेकॉर्डिंग झाली, म्हणजे तुम्हाला खरोखर मिळालेले तास 50 च्या घरात. त्यातले 40 जानेवारीअखेरपर्यंत मिळाले आणि फेब्रुवारीनंतर जेमतेम 10, कारण मग परीक्षा आणि लग्नं सुरू होतात. तेव्हा पुस्तिकेचं सगळं लिखाण जानेवारीअखेर संपायला हवं. 25 तासांच्या कामाला 40 तास आहेत. एवढी सैल जागा असली तरच मी तारीख उच्चारते. फेब्रुवारीनंतरचा काळ प्रेसवाल्याच्या दिरंगाईसाठी मोकळा ठेवा. तिथे तुमचे तास लागत नाहीत, पण दिवस जातात, आणि लगीनसराईत प्रेसवर पत्रिकांची गर्दी असते.

टाइपिंग डीटीपीवाल्याला देण्याचा विचार मनात आला असेल. पुढच्या 15 साठी जरूर द्या, एका रेकॉर्डिंगमागचे अडीच तास वाचतील. पण वाचलेले सगळेच्या सगळे हिशेबात धरू नका. अहिराणी न येणारा ऑपरेटर नकळत शब्द प्रमाण मराठीत वळवत जातो, आणि तुमचं ताडून बघणं एका तासाचं दोन तासांवर जातं. एक रेकॉर्डिंग देऊन बघा, मोजा, मग पुढचा हिशेब बदला. जोवर मोजलेलं नाही तोवर पावणेपाच आठवडेच.

एक काम मात्र पुस्तकाच्या वेळापत्रकाबाहेर काढून आधी करा. उरलेल्या 15 रेकॉर्डिंगांतले अडणारे शब्द सांगणारं माणूस 86 वर्षांचं आहे. सुबक उतरवणं, टाइप करणं पुढच्या वर्षीही होईल. म्हणून एकेक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत नेण्याची सध्याची पद्धत सोडा. पंधराही आजींजवळ बसून नुसती ऐका, कळत नाही तिथे थांबवा, आजी सांगतील ते दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगला थांबत थांबत तासभर, म्हणजे 15 तास. पुस्तिकेचे 25 आणि हे 15 मिळून 40 होतात. 50 मध्ये ते बसतात, थोडी जागाही उरते. ओढाताण झाली तर शब्दार्थ आखडते घ्या, आजींजवळचं ऐकणं नको.

आजींना सांगतानाही दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या सांगा. आखाजीच्या गाण्यांची पुस्तिका आखाजीला येईल, हा शब्द देता येतो. अख्खं पुस्तक कधी येईल याचा अंदाज आहे, तो दर आखाजीला आणि दिवाळीला झालेली रेकॉर्डिंग मोजून पुन्हा काढायचा. ज्या दिवशी शब्द द्याल त्या दिवशी मनात दोन तारखा काढा. एक अशी, की तेव्हापर्यंत काम होण्याची आणि न होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. दुसरी अशी, की दहांतल्या नऊ वेळा काम झालेलंच असेल. आपण बहुतेक वेळा पहिलीच तारीख दुसरी समजून लोकांना सांगून बसतो. पुढे शब्द द्यायचा तो दुसरीचा.

शाळेतल्या पेपर तपासणीसारख्या छोट्या कामांसाठीही एक साधी वही ठेवा. कामाला हात लावण्याआधी अंदाज लिहायचा, संपल्यावर प्रत्यक्ष वेळ. आधीच लिहायचा, कारण नंतर लिहिलेला अंदाज खऱ्याकडे सरकतो. दहा-पंधरा नोंदी झाल्या की कामांच्या जातीप्रमाणे तुमचं प्रमाण दिसेल: तपासणीत कदाचित तुम्ही जवळपास बरोबर असाल, लिखाणात दुप्पट चुकत असाल. सगळ्यांना सरसकट दुपटीने गुणू नका. जिथे तुम्ही मुळातच बरोबर आहात तिथे वेळ फुकट जाईल आणि जिथे पाचपट चुकता तिथे दुप्पट अपुरी पडेल. तुमच्या या कामात चूक जवळपास पाचपट होती.

नोंदी नसलेलं एखादं नवंच काम असेल आणि विचारायलाही कोणी नसेल, तर निदान त्या कामात न गुंतलेल्या माणसाला अंदाज करायला सांगा. जाऊबाई, शेजारच्या वर्गाचे सर, कोणीही. ब्यूलर यांच्या अभ्यासात असे त्रयस्थ लोक उलट जास्तच वेळ सांगत होते. तेही बिनचूक नसतं, पण तुमच्या आणि त्यांच्या आकड्यांमध्ये खरी तारीख सापडण्याची शक्यता बरीच असते.

आणि मध्ये एकदा थांबून बघायची तारीख आत्ताच ठरवा, 31 डिसेंबर. त्या दिवशी पुस्तिकेच्या 25 पैकी 12 तासांचं काम झालेलं असेल तर तसंच पुढे चला. 8 च्या आत असेल तर उरलेला वेग वाढवायचा बेत करू नका, त्याच दिवशी 6 रेकॉर्डिंगांची 4 करा. कुठली 4 ठेवायची ते आजींना विचारा.